दोन वर्षांच्या हातात कोणतं पुस्तक?

मराठी पुस्तकांच्या दुकानात जाऊन "दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी काही दाखवा" म्हटलं, की विक्रेत्याचा हात बहुधा दोन कप्प्यांकडे जातो. एका कप्प्यात 'प्राणी', 'फळे', 'वाहने', 'अ आ इ' अशी चकचकीत, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं असतात. पानापानांवर लहान लहान चित्रं, चित्राखाली नाव, आणि हे सगळं कोणी केलं ते शोधूनही सापडत नाही. दुसऱ्या कप्प्यात गोष्टींची पातळ, पिना मारलेली पुस्तकं असतात. चित्रं मन लावून काढलेली, पण मलपृष्ठावर 'वयोगट ३ ते ६' किंवा 'पातळी १' असं छापलेलं. पहिल्या कप्प्यातलं पुस्तक मुलाच्या हातात टिकतं, पण त्यात वाचून दाखवण्यासारखं काही नसतं. दुसऱ्यातलं वाचून दाखवावंसं वाटतं, पण ते आठवडाभरही धड राहत नाही.

हा दुकानदाराचा दोष नाही. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, ज्याला सगळे 'बोर्ड बुक'च म्हणतात, ते करायला महाग पडतं. छापलेला कागद पुठ्ठ्यावर चिकटवायचा, पानं एकमेकांना पाठीला पाठ लावून जोडायची, मग साच्याने कोपरे गोल कापायचे, असं ते काम आहे. ते हजारोंच्या संख्येत केलं तरच परवडतं. मराठीत लहान मुलांच्या चित्रपुस्तकाची आवृत्ती सहसा हजार-दोन हजार प्रतींची असते. एवढ्याशा आवृत्तीसाठी लेखक, चित्रकार, संपादक यांचे पैसे देऊन वर पुठ्ठ्याचा खर्च करायचा, तर किंमत ऐकूनच गिऱ्हाईक पुस्तक खाली ठेवतं. म्हणून पुठ्ठ्यावर येतं ते बिनलेखकाचं पुस्तक, आणि लेखक-चित्रकाराचं पुस्तक येतं ते साध्या कागदावर. या दोहोंच्या मधून वाट काढणं म्हणजेच मराठीत दोन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक निवडणं.

सुरुवात मुखपृष्ठावरून करू नये. पुस्तक उघडून आधी ते पान शोधावं, ज्यावर बारीक अक्षरांत प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती आणि आयएसबीएन असतो. मोठ्यांच्या पुस्तकात ते सुरुवातीला असतं, चित्रपुस्तकात जागा वाचवण्यासाठी कधी शेवटी, कधी मलपृष्ठाच्या आतही जातं. ते पानच नसेल, तर तेवढ्यावरून बरंच कळलं. आयएसबीएन म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे. ती फक्त पुस्तकाची नोंद. पण ज्या पुस्तकावर चित्रकाराचं नावही नाही, त्यातली चित्रं बहुधा कोणीही मुद्दाम या पुस्तकासाठी काढलेली नसतात. कुठल्या तरी संग्रहातून तयार चित्रं उचलून ओळीत मांडलेली असतात. त्यामुळे एकाच पानावर उंदीर आणि हत्ती एकाच मापाचे दिसतात, गाय कुठल्या तरी परदेशी कुरणातली असते आणि तिला वशिंडच नसतं.

त्याच पानावर आवृत्तीची ओळ नीट वाचावी. 'पहिली आवृत्ती' या शब्दांपुढे जुनं साल आणि खाली पुनर्मुद्रणांची मोठी रांग असेल, तर वीस-वीस वर्षं आई-बाप ते पुस्तक विकत घेत आले आहेत. मराठीत जाहिरातीच्या जोरावर चित्रपुस्तक इतकी वर्षं चालत नाही. मात्र त्या रांगेला एक दुसरी बाजूही असते. जुन्या पुस्तकाचं नवं पुनर्मुद्रण कधी कधी मूळ चित्रांवरून न करता छापील प्रतीचीच फोटोप्रत घेऊन केलेलं असतं. अशा वेळी चित्रातल्या रेषा सुजल्यासारख्या दिसतात आणि सावलीचे भाग काळे पडतात. म्हणून लेखकाचं नाव ऐकून घरबसल्या मागवण्याआधी ताजी प्रत एकदा हातात घेऊन पाहिलेली बरी.

नावं घ्यायची तर या वयासाठी मराठीत सर्वांत आधी माधुरी पुरंदरे यांचं नाव घ्यावं लागतं. लेखनही त्यांचं आणि चित्रंही त्यांचीच. त्यांची बहुतेक बालपुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली आहेत. २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला, पण पालकांना त्याहून उपयोगी पडेल ती वेगळी गोष्ट. त्यांच्या चित्रांतली घरं आपल्या ओळखीची असतात. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर डबे असतात, दोरीवर कपडे असतात, आजी मांडी घालून बसलेली असते. 'राधाचं घर' या छोट्या पुस्तकांच्या संचात एक लहान मुलगी आपल्या घरातल्या माणसांविषयी सांगते. ज्याला अजून 'गोष्ट' म्हणजे काय हे कळत नाही, त्या मुलालाही 'आजी' आणि 'बाबा' कळतात. म्हणूनच हा संच लहान वयात चालतो.

नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही मालिका सरकारी आहे. किंमत फारच कमी, चित्रकार बहुधा नामवंत, कागद आणि बांधणी बेताची. प्रथम बुक्स ही बंगळुरूची ना नफा संस्था २००४ पासून अनेक भारतीय भाषांत स्वस्त पुस्तकं काढते आणि २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर ती फुकट वाचायलाही देते. चेन्नईची तुलिका द्वैभाषिक पुस्तकं काढते, त्यांत इंग्रजी-मराठी जोडीही असते. पुण्या-मुंबईबाहेर, किंवा देशाबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या घरी, जिथे एका पालकाला मराठी वाचायची सवय नसते, तिथे ही जोडपुस्तकं उपयोगी पडतात. फक्त एकाच पानावर दोन भाषा आल्या की चित्राची जागा आक्रसते, हे लक्षात ठेवून चित्रं बघावीत.

या शेवटच्या तिन्ही प्रकाशकांच्या बाबतीत छपाईतली एक युक्ती माहीत असावी, कारण तिच्यामुळे मराठी प्रतीचा दर्जा मूळ पुस्तकाहून वेगळा होऊ शकतो. रंगीत पान चार शाईंत छापलं जातं: निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. एकच पुस्तक आठ-दहा भाषांत काढायचं असेल, तर चित्राच्या प्लेटा सगळ्या भाषांना सामायिक ठेवून मजकूर फक्त काळ्या प्लेटवर ठेवतात. भाषा बदलली की काळी प्लेट बदलायची, बाकीच्या तीन तशाच. यामुळेच स्वस्त किमतीत उत्तम चित्रं मराठीत येतात. पण मजकुरासाठी चित्रात जी पांढरी खिडकी सोडलेली असते, ती मूळ भाषेच्या वाक्याच्या मापाची असते. मराठी वाक्य लांबलं की अक्षर बारीक करतात, ओळी एकमेकींवर चढतात, वेलांट्या वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन टेकतात. मूल मांडीत, पुस्तक हातभर लांब आणि खोलीत संध्याकाळचा उजेड असेल, तर वाचणाऱ्याची तारांबळ उडते. मूळ पुस्तक कितीही गाजलेलं असो, मराठी प्रतीतलं एक मजकुराचं पान वाचून पाहिल्याशिवाय ते घेऊ नये.

वाचून म्हणजे मोठ्याने वाचून, आणि दुकानात लाज न बाळगता. अनुवाद हिंदीवरून किंवा इंग्रजीवरून केला असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच जीभ अडखळते. आई मुलाशी जशी बोलते तसं ते वाक्य नसतं. छापील मराठीतली 'आहे' आणि 'नव्हते'ची भारदस्त वाक्यं सहा वर्षांच्या मुलाला चालतात. दोन वर्षांच्या मुलाला ती कानावरून जाणारी बडबड वाटते, आणि ते पान उलटून मोकळं होतं.

अक्षरओळखीच्या पुस्तकांसाठी आणखी एक खूण आहे, आणि ती अगदी सोपी आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये देवनागरी लिपी आणि वर्णमाला यांबद्दल निर्णय काढून मराठीसाठी अक्षरांची प्रमाण रूपं ठरवली. त्यात मराठीचा ल पाकळ्यांचा आहे आणि श देठाचा. हिंदीत ल दंडाचा आणि श निराळ्या डोक्याचा असतो. 'माझी पहिली अक्षरे' असं नाव असलेल्या पुस्तकात हिंदीचा ल दिसला, तर तयार हिंदी पुस्तकावर मराठी नाव चढवलं आहे असं बिनदिक्कत समजावं. मग आत ळ आहे का, तेही बघावं. नसला, तर शंकाच उरत नाही. अर्थात दोन वर्षांच्या मुलाला अक्षरं शिकवायची काहीच घाई नाही. पण ही पुस्तकं भेट म्हणून घरात येतातच, तर निदान आपल्या भाषेची तरी असावीत.

आता कागद आणि बांधणी. चित्रपुस्तकाची आतली पानं चांगल्या छपाईत साधारण १३० ते १७० जीएसएमच्या आर्ट पेपरवर असतात. कादंबरीची पानं ७०-८० जीएसएमची असतात, म्हणजे त्याच्या निम्मी. दुकानात मोजायला वजनकाटा नसतो आणि तो लागतही नाही. एक पान उजेडासमोर धरावं. पलीकडच्या बाजूचं चित्र या बाजूला स्पष्ट दिसत असेल, तर कागद पातळ आहे. मूल बोट ठेवून 'हे काय' म्हणेल, तेव्हा त्याला दोन चित्रं एकावर एक दिसत असतील.

मग रंग जुळले आहेत का ते बघायचं. छापखान्यात याला 'रजिस्टर हललं' म्हणतात. चार शाईंचे ठसे एकमेकांवर नेमके बसले नाहीत, की चित्राच्या कडेने गुलाबी किंवा निळी झालर दिसते आणि चेहऱ्यांवर डोळे जागेवरून सरकल्यासारखे वाटतात. मोठ्या माणसाचा मेंदू ही चूक आपोआप भरून काढतो, त्यामुळे वरवर बघताना ती सुटते. मुद्दाम काळी बारीक रेष असलेला भाग शोधावा, म्हणजे मांजराच्या मिश्या, माणसाच्या भुवया, नाही तर रंगीत पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं. तिथे झालर नसेल, तर बाकी पुस्तकही ठीक असतं. एकाच आवृत्तीतल्या काही प्रती चांगल्या आणि काही हललेल्या असू शकतात, म्हणून कपाटातल्या दोन-तीन प्रती शेजारी ठेवून त्यातली निवडणं हा चोखंदळपणा नसून शहाणपणा आहे.

चकचकीत लॅमिनेशन दुकानात छान दिसतं. घरी ट्यूबलाइटखाली पान तिरकं झालं, की मधोमध पांढरा डाग पडतो आणि मूल तो डाग पुसायला जातं. मॅट लॅमिनेशन किंवा नुसता चांगला कागद डोळ्याला बरा. नव्या पुस्तकाला शाईचा थोडा वास येतोच. तो उग्र असेल आणि ओलं बोट फिरवल्यावर बोटाला रंग लागत असेल, तर जे मूल अजून प्रत्येक वस्तू तोंडात घालतं त्याच्यासाठी ते पुस्तक नको.

बांधणीकडे सहसा कोणी बघत नाही, आणि पुस्तक मरतं ते तिथेच. पातळ पुस्तकांना मधोमध दोन पिना असतात. पिनांचं एक बरं आहे, पुस्तक पूर्ण सपाट उघडतं आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र अखंड दिसतं. वाईट हे, की मुलाने पान जोराने ओढलं की पिनेभोवतीचा कागद फाटतो आणि मधली चार पानं एकदम सुटतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात पिना गंजतात, मधल्या घडीवर तांबूस डाग उतरतात. सुटलेली पिन मुलाच्या हाताशी यायला नको, हे वेगळं सांगायला नको. जाड पुस्तकांची पाठ नुसती गोंदाने चिकटवलेली असते. ती सपाट उघडत नाही, आणि उघडायचा हट्ट धरला तर पानं एकेक करून गळतात. शिवलेली बांधणी सर्वांत टिकाऊ. पाठीकडून पाहिलं तर घड्यांमध्ये दोरा दिसतो. लहान मुलांच्या मराठी पुस्तकांत ती क्वचितच भेटते.

पण पिनांचं पुस्तक आवडलं असेल, तर ते घरी शिवता येतं. बोथट सुरीने पिनांची टोकं सरळ करून पिना काढायच्या. मधल्या घडीवर दाभणाने तीन भोकं पाडायची: एक मध्यावर, बाकीची दोन वरच्या आणि खालच्या कडेपासून दोन बोटं आत. जाड सुती दोरा मेणावरून ओढून घ्यायचा. आतल्या बाजूने सुई मधल्या भोकातून बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत आणायची, मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर न्यायची, आणि परत मधल्या भोकातून आत. आत आता दोऱ्याची दोन टोकं उरतात. ती मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारायची. दहा मिनिटांचं काम आहे. याने पान फाटायचं थांबत नाही, पण सुटायचं थांबतं. पानं लॅमिनेट करून रिंगमध्ये अडकवण्याचा उपायही लोक करतात. तो केला, तर लॅमिनेशनचे कोपरे कात्रीने गोल करावे लागतात, कारण ते टोकदार असतात आणि मुलाच्या डोळ्याच्या पातळीवर येतात.

वयोगट हा मात्र सर्वांत फसवा भाग आहे. पुस्तकावर छापलेला वयोगट किंवा पातळी बहुतेक वेळा स्वतः वाचणाऱ्या मुलाची असते, ऐकणाऱ्या मुलाची नसते. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर पातळी १ ते ४ अशी खूण असते. पातळी १ म्हणजे वाचायला नुकतीच सुरुवात करणारं मूल. सोपे, पुन्हा पुन्हा येणारे शब्द आणि सगळं मिळून अडीचशेपर्यंत शब्द. हे मूल पाच-सहा वर्षांचं असतं. म्हणजे 'पातळी १' हे दोन वर्षांच्या मुलासाठी असं कुठेच म्हटलेलं नाही. तरीही त्यातली काही पुस्तकं दोन वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायला अगदी योग्य असतात, आणि काही मुळीच नसतात. फरक ओळखायचा तर शब्द मोजण्यापेक्षा एका उघड्या जोडपानावर किती वाक्यं आहेत ते बघावं. एक किंवा दोन असतील, तर वाचून झाल्यावर चित्राकडे बघायला वेळ उरतो. चार-पाच असतील, तर तिसऱ्या वाक्यालाच मूल पान उलटतं. त्याची आवडनिवड मोठ्यांनी आपल्यावर घेऊ नये. पान उलटणं हीच त्या वयात त्याच्यासाठी पुस्तकातली मुख्य घटना असते. आणि एकेक पान सुटं धरून उलटणं बहुतेक मुलांना दोन-अडीच वर्षांच्या आसपास जमतं. त्याआधी चार पानं एकदम जातात. जाड पुठ्ठ्याची गरज आहे ती एवढ्याचसाठी.

डोळ्याच्या बाबतीत संशोधकांनी केलेल्या दोन-तीन गोष्टी निवडीला थेट उपयोगी पडतात. ज्यूडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं, की नऊ महिन्यांची मुलं पुस्तकातलं चित्र हाताने उचलायला बघतात, चिमटीत धरायचा प्रयत्न करतात. अमेरिकेतल्या मुलांप्रमाणेच आयव्हरी कोस्टमधल्या एका गावातली मुलंही हेच करत होती. दीड वर्षाच्या सुमाराला हे थांबतं आणि मूल चित्राकडे बोट दाखवू लागतं. चित्र हे वस्तू नसून वस्तूविषयी आहे, हे समजायला इतके महिने लागतात. म्हणून दीड वर्षाच्या आत पानावर एकच वस्तू, मोठी आणि खरी वाटावी अशी असावी. मांजर मांजरासारखं दिसावं. चष्मा लावून सायकल चालवणारं मांजर तीन वर्षांच्या मुलाला हसवतं, सव्वा वर्षाच्या मुलाला ते मांजरच वाटत नाही.

दुसरी गोष्ट इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातली, २०१८ मधली. साडेतीन वर्षांच्या मुलांना जोडपानावर एकच मोठं चित्र असलेलं पुस्तक वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी त्यातले नवे शब्द जास्त लक्षात ठेवले. दोन्ही बाजूंना चित्रं असताना कमी लक्षात ठेवले. कारण साधं होतं: वाचलेलं वाक्य कोणत्या चित्राबद्दल आहे, ते मुलाला कळत नव्हतं. साडेतीन वर्षांच्या मुलाची ही गत, तर पानावर बारा प्राणी दाटीवाटीने बसवलेलं 'प्राणी' पुस्तक दीड वर्षाच्या मुलाला काय सांगत असेल! तिसरी गोष्ट खिडक्या उघडणाऱ्या, पट्ट्या ओढायच्या पुस्तकांची. मुलं त्यात रमतात, यात वाद नाही. पण २०१० च्या एका अभ्यासात अशा पुस्तकांतून दीड ते तीन वर्षांची मुलं नवी नावं किंवा माहिती कमी शिकली, कारण सगळं लक्ष खिडकीकडे जात होतं. खेळणं म्हणून घ्यायला हरकत नाही, पुस्तक म्हणून नव्हे. बटण दाबल्यावर आवाज काढणाऱ्या पुस्तकांबद्दल मात्र मी कडक आहे. त्यांत नाण्यासारखा चपटा सेल असतो. तो गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. सेलची झाकणी स्क्रूने घट्ट बसवलेली नसेल, तर ते पुस्तक घरात येऊ देऊ नये.

या सगळ्याचा हिशेब एकदा प्रत्यक्ष कसा होतो, ते सांगते. माझ्या भाचीची मुलगी वीस महिन्यांची. तिच्यासाठी आम्ही दोघी पुस्तक प्रदर्शनात गेलो होतो. टेबलावर तीन पुस्तकं निवडून ठेवली होती. एक जाड पुठ्ठ्याचं, 'प्राणी', गोल कोपऱ्यांचं. एक पिनांचं, पातळी १ छापलेलं, एका कुत्र्याच्या पिल्लाची गोष्ट. आणि एक छोटं पुस्तक, घरातल्या आजोबांविषयीचं, तेही पातळच. भाचीचा कल पहिल्याकडे होता. "मावशी, ती सगळं चावते गं. हे तरी टिकेल," ती म्हणाली. म्हणणं रास्त होतं.

आम्ही पुठ्ठ्याचं पुस्तक उघडलं. जोडपानावर सोळा प्राणी. त्यांत याक, कोआला आणि ध्रुवीय अस्वल होतं, म्हैस मात्र नव्हती. रंग जुळलेले होते, पुठ्ठा चांगला होता, छापणाऱ्याचा पत्ता नव्हता. पातळी १ चं पुस्तक भाचीने तिथेच मोठ्याने वाचलं. पहिल्या चार जोडपानांवर एक-एक वाक्य, प्रत्येक वाक्यात तेच क्रियापद आणि शेवटी पिल्लाचा आवाज. इथपर्यंत उत्तम. पाचव्या जोडपानापासून पिल्लू हरवतं, शेजारी शोधायला निघतात, आणि मजकूर पाच-पाच ओळींवर जातो. वीस महिन्यांच्या मुलीला हरवणं-सापडणं कळायला अजून वेळ होता. आजोबांच्या पुस्तकात गोष्ट नव्हतीच. आजोबा पेपर वाचतात, आजोबा चष्मा शोधतात, असं एकेक पान. एका पानावर एकच माणूस, तोही मोठा, आणि माझ्या भावजींसारखा थोडासा टकला. कागद मध्यम, पिना दोन.

शेवटी दोन पुस्तकं घेतली. आजोबांचं पुस्तक घरी आल्यावर पिना काढून शिवलं, आणि ते वाचायच्या वेळीच कपाटातून काढायचं ठरलं. कुत्र्याच्या पिल्लाचंही घेतलं, कारण पहिली चार जोडपानं तेव्हाच वाचता येत होती, आणि पुढचं सहा-आठ महिन्यांनी. दीड-दोन वर्षांच्या मुलाला पुस्तक पूर्ण व्हायलाच हवं असा आग्रह नसतो. तो आपला असतो. चावायसाठी तिच्याकडे आधीच एक इंग्रजी पुठ्ठ्याचं पुस्तक होतं. त्यातली चित्रं मोठी आणि एका पानाला एकच होती. त्या पुस्तकातल्या इंग्रजी ओळींवर भाचीने पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, वर काळ्या मार्करने मराठी ओळ लिहिली आणि त्यावर पारदर्शक रुंद चिकटपट्टी लावली. घरापुरतं हे करायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि मराठी बोर्ड बुकांचा दुष्काळ असेपर्यंत अनेक घरांत हेच चालेल.

दुकानात जाता येत नसेल, तर अर्धी परीक्षा घरीच होते. स्टोरीवीव्हरवर मराठी पुस्तक आधी पडद्यावर वाचून बघावं. जोडपानावर किती वाक्यं, चित्र एक की चार, वाक्य जिभेवर बसतं का, हे सगळं तिथे कळतं. फक्त तिथे कोणीही अनुवाद करून टाकू शकतं, त्यामुळे पुस्तकावर प्रकाशक म्हणून प्रथम बुक्सचं नाव आहे की एखाद्या हौशी अनुवादकाचं, ते बघून घ्यावं. हौशी अनुवादही कधी कधी फार छान असतात, पण त्यांचं संपादन झालेलं असेलच असं नाही. अरविंद गुप्तांच्या arvindguptatoys.com या संकेतस्थळावरही अनेक मराठी बालपुस्तकं उतरवून घेता येतात. मुलाला मात्र पडद्यावर दाखवू नये. ती तपासणी आपल्यापुरती. आवडलेलं पुस्तक मग छापील मागवावं. छापील मिळत नसेल, तर स्टोरीवीव्हरवरची पुस्तकं मुक्त परवान्याची असल्यामुळे ती जवळच्या दुकानातून जाड कागदावर छापून घेता येतात. १७० जीएसएमच्या कागदावर, एका बाजूला छापून, पानं पाठीला पाठ लावून डिंकाने चिकटवली, की पुठ्ठ्याइतकी नाही, पण पिनांच्या पुस्तकापेक्षा बरीच भक्कम पानं होतात. डिंक पातळ असावा, रात्रभर वजनाखाली ठेवावं, नाही तर पानं वाकडी वाळतात.